अहवाल-नमुना व अहवाल-दिनदर्शिका

देणगीदार संस्थेच्या विस्तृत अहवाल-सूचनांमधून प्रकल्पगटाला प्रत्यक्ष भरावी लागणारी माहिती आणि पाळावयाच्या तारखा वेगळ्या काढून केलेला संक्षिप्त तक्ता व वेळापत्रक. चार-पाच माणसांवर चालणाऱ्या ग्रामीण विदर्भातील संस्थांमध्ये गावात फिरणारा कार्यकर्ताच नोंदी ठेवतो. त्यामुळे मूळ दस्तऐवजातील अटी त्याच्या वहीपर्यंत पोहोचवणे हे या कामाचे खरे प्रयोजन आहे.

संक्षेप करताना सर्वाधिक हानी व्याख्यांची होते. यवतमाळ जिल्ह्यातील एका कापूस प्रकल्पाचे काल्पनिक उदाहरण घेऊ. तिमाहीत तीन प्रशिक्षणे झाली आणि हजेरीपटांवर अनुक्रमे ३८, ४१ व ३५ सह्या आहेत. त्यांची बेरीज ११४ होते; परंतु तेच शेतकरी पुन्हा पुन्हा आलेले असल्याने नावे जुळवल्यावर वेगवेगळे शेतकरी ५७ भरतात. देणगीदाराने लाभार्थी एकदाच मोजण्यास सांगितले असेल, तर ‘लाभार्थी संख्या’ एवढाच रकाना ठेवणारा नमुना चुकीचा आकडा हमखास वर पाठवतो. म्हणून ‘एकूण उपस्थिती’ व ‘वेगवेगळे शेतकरी’ असे दोन रकाने करावेत, आणि प्रत्येकापुढे आकडा कोणत्या नोंदवहीतून घ्यायचा ते व मूळ सूचनेचे कलम लिहावे. ज्या आकड्यामागे नोंदवहीचे पान दाखवता येत नाही, तो अहवालात जाऊ देऊ नये.

दिनदर्शिका शेवटच्या तारखेपासून मागे मोजत आखतात. जुलै-सप्टेंबर तिमाहीचा अहवाल ३० ऑक्टोबरपर्यंत द्यावयाचा असेल आणि सनदी लेखापालाला उपयोगिता प्रमाणपत्रासाठी सात दिवस लागत असतील, तर व्हाउचर व बँक जुळणी १५ तारखेच्या सुमारास आणि गावांतील नोंदी ८ तारखेपर्यंत हाती यायला हव्यात. याच महिन्यात कापसाची वेचणी सुरू होते व राहिलेल्या सहीसाठी शेतकरी घरी भेटत नाहीत. शिवाय दिवाळी ऑक्टोबरात आली, जशी २०२५ मध्ये आली, तर कार्यालये बंद असतात. यासाठी हजेरीपट प्रशिक्षणाच्या दिवशीच पूर्ण करून घेण्याची नोंद दिनदर्शिकेत असावी. केवळ अंतिम तारीख लिहिलेली दिनदर्शिका गटाच्या फारशी उपयोगी पडत नाही.

काही अटी तारखेच्या नसून मर्यादेच्या असतात. अंदाजपत्रकातील एखाद्या शीर्षावरील खर्च मंजूर रकमेपेक्षा १० टक्क्यांहून अधिक वाढण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी, अशी अट असल्यास २,४०,००० रुपयांच्या शीर्षावर ती सीमा २,६४,००० रुपये ठरते. ही रक्कमच नमुन्यात छापावी, टक्केवारी नव्हे, म्हणजे हिशेब लिहिणाऱ्याला ती दर महिन्याला डोळ्यांसमोर दिसते. वर्ष मार्चअखेर संपत असल्याने वाढीचा अंदाज जानेवारीतच तपासून परवानगीचे पत्र पाठवावे. खर्च झाल्यावर मागितलेली परवानगी पूर्वपरवानगी ठरत नाही व ती रक्कम नामंजूर होऊ शकते.

नमुना मूळ कराराची जागा घेत नाही. देणगीदार सूचना बदलतो तेव्हा जुनी प्रत गावोगावच्या पिशव्यांत फिरत राहते. त्यामुळे प्रत्येक पानावर आवृत्तीची तारीख लिहून, नवी प्रत देतानाच जुनी परत घेतली जाते.