वाळूवरील फुटिंगचे सेटलमेंट : विकृती-प्रभाव पद्धत

वाळूवर टेकलेले फुटिंग, म्हणजे पायाचा रुंद तळभाग, भाराखाली किती खचेल, याचा अंदाज शंकू-रोधाच्या, म्हणजे जमिनीत दाबलेल्या शंकूला माती करते त्या विरोधाच्या, खोलीनुसार बदलणाऱ्या आलेखावरून बांधण्याची ही पद्धत जॉन श्मर्टमन यांनी १९७० मध्ये मांडली व १९७८ मध्ये सुधारून दिली. फुटिंगच्या अगदी तळाशी वाळू चहूबाजूंनी आवळलेली असल्यामुळे उभी विकृती तेथे कमीच असते. चौरस फुटिंगखाली ती रुंदीच्या निम्म्या खोलीवर सर्वाधिक होते आणि रुंदीच्या दुप्पट खोलीवर शून्य धरली जाते. विकृतीच्या या त्रिकोणी आलेखातील प्रभाव-गुणांकाला प्रत्येक थराच्या ताठरतेने भागून व जाडीने गुणून सर्व थरांची बेरीज करतात. चौरस फुटिंगसाठी ताठरता शंकू-रोधाच्या अडीचपट घेतात.

बडोद्यात विश्वामित्रीच्या गाळात वाळूची जागा काही हातांच्या अंतरावर बदलू शकते, म्हणून एक कल्पित उदाहरण तिथलेच घेऊ. २ मीटर रुंदीचे चौरस फुटिंग १ मीटर खोलीवर आहे, निव्वळ दाब १५० किलोपास्कल आहे आणि भूजल खोल आहे. मातीचे घनभार १८ किलोन्यूटन प्रति घनमीटर धरल्यास गुणांकाचे शिखर ०.७० येते. तळाखालच्या पहिल्या मीटरमध्ये शंकू-रोध ४, दुसऱ्यात ३ आणि त्याखालच्या दोन मीटरमध्ये ८ मेगापास्कल मिळाला आहे. या थरांचे सरासरी गुणांक अनुक्रमे ०.४०, ०.५८ व ०.२३ येतात. बेरजेला दाबाने आणि खोलीबद्दलच्या ०.९४ या सुधारणा-गुणकाने गुणले की तात्काळ सेटलमेंट सुमारे २० मिलिमीटर मिळते. त्यातील निम्म्याहून अधिक वाटा एकट्या दुसऱ्या थराचा आहे, आणि तोच एक मीटरचा सैल थर तळाखाली ३ ते ४ मीटरवर असता, तर त्याच्यामुळे होणारे सेटलमेंट आताच्या एक पंचमांशच उरले असते.

शंकू-रोधाच्या याच आलेखाची सरळ सरासरी, म्हणजे ५.७५ मेगापास्कल, घेऊन गणित केले तर उत्तर सुमारे १४ मिलिमीटर येते. सहा मिलिमीटरची ही तूट धोक्याच्या बाजूची आहे, कारण सैल थर नेमका शिखराजवळ पडला आहे. आलेख थरांत तोडून पाहण्याचे श्रम वाचवू नयेत, असे म्हणावे लागते ते यासाठीच. श्मर्टमन यांचा काळ-गुणक लावल्यास १० वर्षांनंतरचे मूल्य १.४ पट, म्हणजे सुमारे २८ मिलिमीटर होते. मात्र हा गुणक वादग्रस्त असून पुष्कळ अभियंते तो टाळतात.

पद्धतीची मर्यादा मुख्यतः मातीच्या ओळखीत आहे. गाळात मध्ये चिकणमातीचा पट्टा आला, तर शंकू-रोध घसरतो आणि शंकूमागच्या बाहीवरील घर्षणाचे रोधाशी प्रमाण वाढते. असा थर या गणितात न धरता त्याचे घनीभवन वेगळे काढावे. उलट कंकराच्या खड्यावर शंकू आदळला, की आलेखात एकच टोकदार उंचवटा दिसतो, आणि तो तसाच राहू दिला तर थर खोटा ताठर ठरतो. पूर्वी जास्त भार सोसलेली वाळू मात्र या अंदाजापेक्षा बरीच कमी खचते.