‘अनुदान’ हा शब्दच नसलेला लेख

शेतीविषयक लेखांचा एक संग्रह आहे, सगळे मिळून १० लाख शब्दांचा. त्यात कुणीतरी ‘कांदा चाळ अनुदान’ असं टाइप करून शोधलं. पहिला लेख २०० शब्दांचा आहे आणि त्यात ‘कांदा’ ६ वेळा, ‘चाळ’ ४ वेळा येतो. मात्र लेखकाने सगळीकडे ‘अर्थसाहाय्य’ लिहिलंय, ‘अनुदान’ एकदाही नाही. दुसरा लेखही २०० शब्दांचाच. तो एकंदर सरकारी योजनांबद्दल आहे आणि त्यात हे तिन्ही शब्द एकेकदा ओझरते येऊन गेलेत. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी मीच घेतले आहेत. यातला कुठला लेख वर दाखवायचा?

१९९८ साली पाँटे आणि क्रॉफ्ट या संशोधकांनी हा प्रश्न उलटा करून पाहिला. लेख शोधाशी किती जुळतो, हे विचारण्याऐवजी त्यांनी विचारलं की हा लेख लिहिणाऱ्याच्या तोंडून हे शोधशब्द निघण्याची शक्यता किती? याच विचाराला पुढे ‘क्वेरी लाइकलीहुड’ म्हणू लागले. त्याचं सोपं रूप असं: लेखातले सगळे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून पिशवीत टाकायचे, चिठ्ठी काढायची, परत टाकायची. प्रत्येक शोधशब्द निघण्याची शक्यता काढून त्यांचा गुणाकार करायचा. ज्या लेखाचा गुणाकार मोठा, तो वर.

आपल्या पहिल्या लेखात ‘कांदा’ची शक्यता ६/२००, ‘चाळ’ची ४/२०० आणि ‘अनुदान’ची शून्य. गुणाकारही शून्य. दुसऱ्याचा गुणाकार कोटीत सव्वा इतका किरकोळ येतो, पण शून्यापेक्षा तो मोठाच. कांदाचाळीवरचा अख्खा लेख एका शब्दापायी बाद झाला, आणि तोही क्रिकेटवरच्या एखाद्या लेखाच्या पंक्तीला जाऊन बसला, कारण शून्य सगळ्यांचं सारखंच.

चूक कुठे झाली? २०० शब्दांत एखादा शब्द आला नाही म्हणजे लेखक तो कधी वापरणारच नाही, असं आपण धरून चाललो. नमुनाच एवढासा आहे. म्हणून लेखाच्या पिशवीत संपूर्ण संग्रहाच्या पिशवीतली थोडी भर घालायची. याला स्मूदिंग म्हणतात. संग्रहात ‘कांदा’ १००० वेळा, ‘चाळ’ २०० वेळा आणि ‘अनुदान’ २००० वेळा आलाय असं समजू. निम्मी शक्यता लेखाची, निम्मी संग्रहाची घेतली, तर पहिल्या लेखात ‘अनुदान’ला शून्याऐवजी हजारात १ मिळतो. गुणाकार कोटीत सुमारे १.५७ होतो, दुसऱ्याचा ०.२७. पहिला लेख वर आला.

पण संग्रहाचा वाटा निम्म्यावरून १० टक्क्यांवर आणून पाहा. आता पहिला ०.९७६७, दुसरा ०.९७७२. केसभर का होईना, दुसरा पुढे! म्हणजे भर किती घालायची, यावरच क्रम ठरतो. ठरावीक टक्क्याच्या या पद्धतीला येलिनेक-मर्सर म्हणतात. तिच्यात मला खटकते ती एक गोष्ट: २०० शब्दांचं टिपण आणि २०,००० शब्दांचा अहवाल यांना ती एकाच मापाने मोजते. अहवालात शब्द नसला, तर त्याला नक्कीच अधिक अर्थ आहे.

डिरिक्ले पद्धत हे ध्यानात घेते. ती प्रत्येक लेखात संग्रहाच्या प्रमाणातले ठरावीक, समजा २०००, काल्पनिक शब्द मिसळते:

```
(लेखातली संख्या + 2000 × संग्रहातलं प्रमाण) / (लेखाची लांबी + 2000)
```

छोट्या टिपणात स्वतःचा वाटा जेमतेम ९ टक्के उरतो, मोठ्या अहवालात तो ९१ टक्के असतो. आपल्या जोडीत पहिला लेख दुसऱ्याच्या जवळजवळ सातपट गुण घेतो. झाय आणि लॅफर्टी यांनी २००१ मध्ये या पद्धती ताडून पाहिल्या, तेव्हा दोनतीन शब्दांच्या शोधाला डिरिक्ले उजवी ठरली.

या मिसळीतून न मागता आणखी एक गोष्ट मिळते. ‘आणि’ संग्रहात शंभरात २ वेळा येतो असं धरा. मग काल्पनिक २००० शब्दांत तो ४० वेळा आलाच. लेखात तो ४ वेळा असो की ८ वेळा, तुलना ४४ विरुद्ध ४८ अशी फिकी होते. ‘चाळ’साठी काल्पनिक भर फक्त ०.४, त्यामुळे ४ आणि ८ मधला फरक ४.४ विरुद्ध ८.४ असा जवळजवळ दुप्पट टिकतो. दुर्मीळ शब्दाचं वजन वेगळं ठरवावंच लागलं नाही.

तरी ‘अर्थसाहाय्य’ म्हणजेच ‘अनुदान’, हे स्मूदिंगला कळलेलं नाही. पहिल्या लेखाला जी भर मिळाली, तीच क्रिकेटवरच्या २०० शब्दांच्या लेखालाही मिळते. पहिला वाचला तो ‘कांदा’ आणि ‘चाळ’ यांच्या जोरावर. मराठीत आणखी एक पंचाईत आहे. लेखात ‘कांद्याच्या’, ‘चाळीसाठी’ अशी रूपं असतील, तर मोजणाऱ्याला ते निराळेच शब्द वाटतात आणि ‘कांदा’, ‘चाळ’ यांची संख्या शून्यच राहते. आधी शब्द मूळ रूपात आणावे लागतात. आणि तिथे प्रत्यय आंधळेपणाने छाटणारा प्रोग्रॅम ‘चाळीस’मधूनही चाळ काढू शकतो.