बिलिंगच्या जागी आमच्या गोदामाचा पत्ता टाकू नका

अमेरिकेतल्या दुकानातून काही मागवायचं ठरलं की आम्ही तुम्हाला आमच्या डेलावेअरच्या गोदामाचा पत्ता देतो. त्या राज्यात विक्रीकर नाही, म्हणून गोदाम तिथे. दुकान माल तिथे पाठवतं आणि पुढे आम्ही तो तुमच्या घरी पोचवतो. पण पैसे भरायच्या पानावर दोन पत्ते विचारतात. Shipping address म्हणजे माल जायचा पत्ता. Billing address म्हणजे कार्ड ज्याचं आहे त्याचा बँकेत नोंदवलेला पत्ता. या दोन्हींच्या मध्ये Same as shipping address अशी एक चौकट असते आणि बहुतेक दुकानांत तिच्यात आधीच खूण केलेली असते. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचं मूळ बरेचदा त्या खुणेतच सापडतं.

दुकान पत्ता का तपासतं? परदेशी दुकानात बरेचदा ओटीपी मागत नाहीत. चोरलेलं कार्ड ओळखायला त्यांच्याकडे AVS नावाची तपासणी असते. तुम्ही भरलेल्या पत्त्यातला घराचा नंबर आणि झिप कोड कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, आणि जुळला की नाही हे बँक एका अक्षरात कळवते. दोन्ही जुळले तर Y, फक्त झिप जुळला तर Z, काहीच नाही जुळलं तर N. रस्त्याचं, सोसायटीचं नाव यात बघत नाहीत, फक्त आकडे.

आता आपली गोम. ही पद्धत मुख्यतः अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या बँकांची. आपल्याकडच्या बहुतेक बँका त्यात नाहीत, त्यामुळे उत्तर ‘जुळत नाही’ असं न येता ‘तपासता येत नाही’ असं येतं. पुढे काय करायचं ते दुकान ठरवतं. काही दुकानं चालवून घेतात, काही थेट नकार देतात, आणि नकार आला की पडद्यावर मात्र ‘जुळत नाही’ आणि ‘तपासता येत नाही’ या दोन्हीला एकच वाक्य दिसतं: पत्ता जुळला नाही. त्यातून कार्डाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून दुकानाला बँक भारतातली आहे हे दिसत असतं. बिलिंगला डेलावेअर आणि कार्ड भारताचं, म्हणजे संशयाला निमंत्रणच.

सांगलीचे आमचे एक ग्राहक घड्याळं दुरुस्त करतात. त्यांनी 84 डॉलरची हत्यारं मागवली, ती खूण तशीच राहिली आणि ऑर्डर नाकारली गेली. त्यांना वाटलं नेट गंडलं, म्हणून आणखी दोनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा बँकेचा एसएमएस आला: रक्कम वजा. डेबिट कार्ड होतं, त्यामुळे खात्यातले वीस हजारांहून जास्त रुपये अडकले आणि हातात ऑर्डर एकही नाही. होतं असं की बँक आधी ‘पैसे आहेत’ म्हणून रक्कम राखून ठेवते, आणि पत्त्याचा निकाल पाहून दुकान मागाहून नाही म्हणतं. दुकानाने ती रक्कम सोडल्याचं कळवलं तर ती लवकर मोकळी होते, नाहीतर मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. त्यांनी आमच्या सांगण्यावरून दुकानाला मेल केला: तिन्ही रकमा, तारखा आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे. आठवड्याभरात पैसे मोकळे झाले. पूर्ण कार्ड नंबर मेलमध्ये कधीच लिहू नका.

म्हणून नकार आला की आधी फोनवरचा एसएमएस बघा. रक्कम वजा झाल्याचा आला असेल तर बँकेने हो म्हटलंय आणि अडवलंय दुकानाने; तेव्हा पत्ता तपासा, पण लगेच पुन्हा बटण दाबू नका. एसएमएसच नसेल किंवा व्यवहार नाकारल्याचा असेल तर प्रश्न बँकेकडचा असण्याची शक्यता जास्त. 2020 च्या ऑक्टोबरपासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार आपोआप सुरू नसतात, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते चालू करून मर्यादाही ठरवावी लागते. तिथे पत्ता बदलून काही फरक पडणार नाही.

बिलिंग भरताना आधी देश India निवडा. मगच झिपच्या रकान्यात सहा आकडी पिन मावतो. देश अमेरिका राहिला तर रकाना पाच आकड्यांवर अडतो आणि लोक पिनमधला एक आकडा खाऊन टाकतात. पत्ता कार्डाच्या स्टेटमेंटवर आहे तसाच लिहा. घर बदललं असेल आणि बँकेत अजून जुनाच पत्ता असेल, तर आधी बँकेत बदला. झिपला 00000 टाका म्हणणारे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. दुकानाने तुमचं खातंच बंद केलं तर ते उघडून घेणं त्याहून अवघड.

देशांच्या यादीत India नसेल किंवा दुकान परदेशी कार्ड घेतच नसेल, तर तिथे झगडण्यात अर्थ नाही. दुकान पेपाल घेत असेल तर तुमच्या भारतीय खात्यातून भरून बघा. तेही नसेल तर वस्तूची लिंक आणि रंग-माप आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. आम्ही गोदामातल्या माणसाच्या अमेरिकन कार्डावर खरेदी करतो आणि तुम्ही आम्हाला इथे रुपयांत पैसे देता. आमचं शुल्क किती होईल ते खरेदीच्या आधी सांगतो, तुम्ही हो म्हटल्याशिवाय ऑर्डर टाकत नाही.