अर्थ म्हणजे वापर आणि खाजगी भाषेचा युक्तिवाद

तत्त्वज्ञ लुडविग विट्गेनस्टाइन (१८८९–१९५१) यांच्या उत्तरकालीन भाषाविचारातल्या या दोन जोडकल्पना. ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ या त्यांच्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये निघालेल्या ग्रंथात त्या आहेत. पहिली परिच्छेद ४३ मध्ये येते: शब्दाचा अर्थ म्हणजे भाषेतला त्याचा वापर. हे सगळ्याच नव्हे, पण बहुतेक ठिकाणी लागू पडते, अशी पुस्ती विट्गेनस्टाइन स्वतःच जोडतात. दुसरी कल्पना, म्हणजे खाजगी भाषा शक्यच नाही हा युक्तिवाद, परिच्छेद २४३ पासून सुरू होते आणि पहिलीचा कस तिथेच लागतो.

वापर म्हणजे काय, हे मध्य रेल्वेच्या संध्याकाळच्या गर्दीत नीट दिसते. सीएसएमटीहून निघालेल्या गाडीत उभा असलेला प्रवासी बसलेल्याला विचारतो, “कुठे?” बसलेला म्हणतो, “ठाणे.” एवढ्यावर ती जागा ठाण्यानंतर विचारणाऱ्याची ठरते, मागाहून दुसऱ्याने विचारले तर “सांगितलंय” असे उत्तर मिळते. तिकीट खिडकीवर हाच शब्द उच्चारला की तिकीट हातात पडते. उत्तर देताना त्या माणसाच्या डोळ्यांपुढे तलावपाळी आली की काहीच आले नाही, याने शब्दाच्या अर्थात फरक पडत नाही. पण गाडीने ठाणे सोडल्यावरही तो बसून राहिला, तर “अहो, ठाणे म्हणालात ना?” असे कोणीतरी विचारणारच. शब्द बरोबर वापरला की चुकीचा, हे ठरवण्याची सोय त्या व्यवहारातच असते.

आता अशी भाषा कल्पावी, जिचे शब्द फक्त बोलणाऱ्यालाच कळू शकणाऱ्या संवेदनांना लावलेले आहेत आणि म्हणून दुसऱ्या कोणालाही त्या भाषेतले काही कळणे तत्त्वतःच शक्य नाही. ‘खाजगी’चा अर्थ इथे एवढा कडक आहे. सांकेतिक लिपीतली डायरी या अर्थाने खाजगी नव्हे, कारण ती लिपी उलगडता येते. विद्यार्थ्यांचा घोटाळा बहुधा इथेच होतो.

परिच्छेद २५८ मधला डायरीचा प्रयोग हा युक्तिवादाचा गाभा. एका माणसाला एक विशिष्ट संवेदना अधूनमधून होते. तिची नोंद ठेवायची म्हणून ती होईल त्या दिवशी तो कॅलेंडरवर ‘स’ लिहायचे ठरवतो. त्या संवेदनेचे बाहेर दिसणारे कोणतेही लक्षण नाही, त्यामुळे ‘स’ची व्याख्या शब्दांत करता येत नाही. तो सगळे लक्ष संवेदनेवर एकवटतो आणि मनातल्या मनात जणू तिच्याकडे बोट दाखवून म्हणतो, “ही स.” या सोपस्काराने काय साधले? पुढेही ‘स’ बरोबर लावता यावा, हा नियम पक्का व्हायला हवा होता. पण पुढच्या वेळी त्याला ‘हीच ती’ वाटले की तेच बरोबर ठरते. तपासायला दुसरे काही नाही. जिथे वाटणे आणि असणे यांत भेदच उरत नाही, तिथे ‘बरोबर’ या शब्दाला जागा नाही. आणि चुकण्याची शक्यताच नसेल तर नियमही नाही.

हा स्मरणशक्तीवरचा अविश्वास आहे, असा अर्थ पुष्कळदा लावला जातो. तो दुबळा आहे. आक्षेप ‘पहिल्यांदा ठरलेला अर्थ नंतर विसरेल’ असा नाही. मुळात काही ठरलेच नव्हते, असा आहे. परिच्छेद २६५ हे स्पष्ट करतो. गाडीची वेळ आठवत नसली की वेळापत्रकाचे पान डोळ्यांसमोर आणता येते. हा पडताळा चालतो, कारण त्या आठवलेल्या पानाचीही खऱ्या छापील वेळापत्रकाशी शहानिशा करता येते. ‘स’च्या बाबतीत आठवणीपलीकडे असे काहीच नाही. सकाळच्या बातमीची खात्री करायला त्याच वर्तमानपत्राच्या आणखी प्रती विकत घ्याव्यात, तसे ते होईल.

ब्रिटिश तत्त्वज्ञ ए. जे. एअर यांनी १९५४ मध्ये यावर वजनदार हरकत घेतली: छापील वेळापत्रक वाचतानाही अखेर माझ्या डोळ्यांवरच भिस्त असते, मग आठवणीवर का नको? उत्तर असे देता येते की पडताळा कुठेतरी थांबतो हे खरे, पण छापील पान माझे म्हणणे खोडून काढू शकते. ‘स’ची आठवण ज्या ठशाशी ताडायची, तो ठसा तिच्याहून वेगळा नाही. या उत्तराने सगळ्यांचे समाधान झालेले नाही. एकट्या माणसाला नियम पाळता येतो का, हा वेगळा प्रश्न. अमेरिकी तत्त्वज्ञ सॉल क्रिप्की यांनी विट्गेनस्टाइनवरच्या १९८२ च्या पुस्तकात समाजाच्या संमतीवर भर दिला, तर विट्गेनस्टाइनचे भाष्यकार बेकर आणि हॅकर यांना ते वाचन मान्य नव्हते.

वेदना नसतातच, असे या युक्तिवादातून निघत नाही. परिच्छेद २७० मध्ये त्याच डायरीवाल्याला आढळते की ‘स’ वाटते तेव्हा यंत्रावर रक्तदाब वाढलेला दिसतो. आता ‘स’ लिहून तो यंत्राविना रक्तदाब वाढल्याचे सांगू शकतो. ‘स’ला वापर मिळाला. गंमत अशी की त्याने आतली संवेदना नेमकी ओळखली की नाही, हा प्रश्न इथे अगदी गैरलागू ठरतो; रक्तदाबाचे भाकीत बरोबर आले की पुरे.