अँकर्ड व्हीवॅप

ठरावीक दिवसापासून आजपर्यंत एखाद्या शेअरमध्ये जे सौदे झाले, त्यांची उलाढालीनुसार भारित सरासरी म्हणजे अँकर्ड व्हीवॅप. साधा व्हीवॅप रोज बाजार उघडताना शून्यापासून सुरू होतो आणि बंद होताना संपतो. इथे सुरुवात आपण ठरवतो: मोठ्या पडझडीनंतर लागलेला तळ, तिमाही निकालाचा दिवस किंवा कंपनीबद्दलचं लोकांचं मत बदलवणारी एखादी घटना. त्या क्षणाला अँकर म्हणतात. तिथून पुढे घेणाऱ्यांना शेअर सरासरी कोणत्या भावाला पडला, हे ती रेषा दाखवते. भाव रेषेच्या वर असेल तर अलीकडचे खरेदीदार सरासरीने नफ्यात आहेत, खाली असेल तर तोट्यात.

उलाढालीने भारित सरासरी मोठ्या घटनेपासून मोजायची ही कल्पना पॉल लेव्हिन या भौतिकशास्त्रज्ञाने 1995 मध्ये 'मिडास' या पद्धतीतून मांडली. अँकर्ड व्हीवॅप हे नाव आणि साधन पुढे ट्रेडरांमध्ये रुळलं, त्यात ब्रायन शॅनन यांचा वाटा मोठा आहे.

सूत्र सोपं आहे. कँडल म्हणजे चार्टवर एका दिवसाचे किंवा ठरावीक मिनिटांचे भाव दाखवणारी खूण. H, L आणि C हे तिचे उच्चांक, नीचांक आणि बंद भाव, P तिचा प्रातिनिधिक भाव, V तिची उलाढाल म्हणजे किती शेअरचे सौदे झाले तो आकडा, आणि बेरीज अँकरच्या कँडलपासून आजपर्यंतची.

```
P = (H + L + C) / 3
AVWAP = Σ(P × V) / ΣV
```

ही सरासरी नेमकी कुठे उपयोगी पडते, ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. एका शेअरचा बंद भाव 400 होता. त्याच संध्याकाळी बाजार बंद झाल्यावर निकाल आला, चांगला आला, आणि दुसऱ्या दिवशी शेअर 436 वर उघडला. त्या दिवशी उच्चांक 448, नीचांक 428, बंद 444. म्हणजे प्रातिनिधिक भाव 440 आणि उलाढाल 60 लाख शेअर. पुढचे दोन दिवस तेजी टिकली: 450 ला 30 लाख, मग 451 ला 20 लाख. चौथ्या दिवशी जोर ओसरला. प्रातिनिधिक भाव 439, उलाढाल फक्त 10 लाख, बंद 437.

चार दिवसांत मिळून 120 लाख शेअरचे सौदे झाले आणि त्यांची सरासरी 444.25 येते. वर्तमानपत्रात बातमी असते ती 'निकालानंतर शेअर नऊ टक्के वर' अशी, आणि ती खोटी नाही, कारण 400 चा 437 झाला. पण ही नऊ टक्के कमाई त्यांची, ज्यांच्याकडे शेअर निकालाच्या आधीपासून होता. निकाल वाचून आत शिरलेला सरासरी खरेदीदार शेअरमागे सव्वासात रुपये, डॉलर, जे काही चलन असेल ते, गमावून बसला आहे. एकाच भावाला दोन गट दोन वेगळ्या मनःस्थितींत आहेत, आणि साध्या चार्टवर ते दिसत नाही.

पाचव्या दिवशी भाव 444 पर्यंत चढून पुन्हा 439 ला बंद झाला, असं समजा. अडकलेल्यांपैकी काहींना घातलेले पैसे परत मिळतील असा भाव दिसला आणि ते बाहेर पडले, असं त्याचं एक स्पष्टीकरण आहे. रेषेजवळ उलाढाल वाढावी आणि तरी बंद खाली यावा, ही त्याची खूण. उलट भाव रेषा ओलांडून वर बंद झाला, पुढे खाली येताना रेषेवर थबकला आणि तिथे विक्रीचा जोर आटला, तर घेणाऱ्यांच्या हातात पुन्हा नफा आला आहे आणि त्यांना विकायची घाई नाही. मात्र हे स्पष्टीकरण आहे, पुरावा नव्हे. रेषेला स्वतःचं बळ काही नसतं.

सर्वांत जास्त चुका अँकर लावण्यात होतात. वरच्या उदाहरणात निकाल बाजार बंद झाल्यावर आला होता. घाईत अँकर निकालाच्या तारखेवरच लावला, तर बातमी कानावर येण्याआधीचे सौदेही सरासरीत शिरतात. त्या दिवशी 398 ला 40 लाख शेअरचे सौदे झाले असतील, तर सरासरी 444.25 वरून 432.69 वर घसरते. आता 437 हा भाव रेषेच्या वर दिसतो. एका कँडलच्या चुकीने 'सगळे तोट्यात'चं 'सगळे नफ्यात' झालं. म्हणून अँकर लावायचा तो बातमीनंतरच्या पहिल्या सौद्यावर. निकाल चालू बाजारात आला असेल तर दिवसाची कँडल पुरत नाही. पाच मिनिटांच्या चार्टवर ती वेळ शोधावी लागते.

तळापासून लावलेल्या अँकरची अडचण वेगळी आहे. तळ कोणता, हे भाव चांगला वर गेल्यावरच कळतं. सर्वांत खालचा बिंदू आपणच निवडला, म्हणजे भाव पहिले काही दिवस रेषेच्या वर असणार हे जवळपास ठरलेलंच. त्यात नवल नाही आणि त्याला तेजीची खूणही म्हणू नये. खरी परीक्षा पहिल्यांदा भाव रेषेकडे परत येतो तेव्हा होते. निकालाची तारीख मात्र आधीच जाहीर असते, ती आपल्या सोयीने हलवता येत नाही. त्यामुळे दोन्हींपैकी एकच निवडायचा तर निकालाचा अँकर अधिक प्रामाणिक. सहा-सात अँकर लावून जो भावाला चिकटला तोच ठेवायचा, हा खेळ तर कुणालाही जमतो.

रेषा जशी जुनी होते तशी जड होते. अँकरपासून 1200 लाख शेअरची उलाढाल झाली असेल आणि आज 12 लाखांची झाली, तर आजच्या भावाचं वजन जेमतेम एक टक्का. भाव पाच टक्के उडाला तरी रेषा जागची हलल्यासारखी वाटत नाही. 'अलीकडचे खरेदीदार' हा शब्द अशा रेषेला लावण्यात अर्थ उरत नाही. पुढच्या निकालाला नवा अँकर लावलेला बरा.

सर्वांत मोठी मर्यादा मूळ गृहीतातच आहे. व्हीवॅप मोजतो ते सौदे. शेअर आज कुणाच्या हातात आहे हे त्याला माहीत नसतं. सकाळी घेऊन दुपारी विकणाऱ्याचा सौदा सरासरीत राहतो, माणूस मात्र केव्हाच निघून गेलेला असतो. एकच शेअर दिवसात पाच हात फिरला तर पाचदा मोजला जातो. शिवाय सरासरीखाली भाव म्हणजे बहुसंख्य तोट्यात, असंही नाही. आपल्या उदाहरणात भाव 442 असता तर तो रेषेच्या खालीच होता, पण 60 लाख शेअरची, म्हणजे निम्मी, उलाढाल पहिल्या दिवशी सरासरी 440 ला झालेली. त्या दिवशीचे घेणारे सरासरीने नफ्यात असते आणि रेषा तोटा दाखवत राहिली असती. म्हणून रेषेच्या आसपासचा एखाद-दुसरा टक्का निर्णायक मानू नये.

अँकरनंतर शेअरचं विभाजन झालं असेल, तर जुने भाव आणि जुनी उलाढाल दोन्ही नव्या प्रमाणात बदललेली आहेत का, हे तपासावं. फक्त भाव बदलला आणि उलाढाल तशीच राहिली, तर जुन्या दिवसांचं वजन घटतं आणि रेषा नव्या भावांकडे सरकते. चार्टवर ते नुसत्या डोळ्यांनी लक्षात येत नाही.