तळहाताचा रंग आम्ही वेगळा का घेतो

सिलिकॉनचं बोट किंवा हात बनवून घेणाऱ्या ग्राहकांसाठी

माप द्यायला आलात की आम्ही रंग दोनदा जुळवतो, एकदा हाताच्या पाठीचा आणि एकदा तळव्याचा. वर्ण सावळा किंवा काळा असेल तर या दोन रंगांत एवढा फरक असतो की एकाच रंगात बनवलेलं बोट लांबूनही हातमोज्यासारखं दिसतं. "तळवा असा फिका का?" हे बरेच जण विचारतात आणि बहुतेकांनी उत्तरही मनाशी ठरवलेलं असतं. तळव्याला ऊन लागत नाही म्हणून, किंवा कामाने घासून रंग गेला म्हणून. दोन्ही कारणं बरोबर नाहीत. काखेला ऊन लागत नाही, तरी ती फिकी नसते. आणि जो हात वर्षानुवर्षं काही उचलत नाही, त्याचाही तळवा फिकाच राहतो.

खरं कारण कातडीच्या खालच्या थरात आहे. कातडीला रंग देणारं मेलॅनिन रंगपेशींमध्ये तयार होतं आणि तिथून वरच्या थरातल्या पेशींना पुरवलं जातं. गोऱ्या आणि काळ्या माणसांत या रंगपेशींची संख्या साधारण सारखीच असते. काळ्या वर्णात त्या मेलॅनिन जास्त बनवतात, आणि त्याचे कण मोठे असून जास्त दूरवर पसरतात. तळव्यावर मात्र, वर्ण कुठलाही असो, रंगपेशीच कमी असतात. इतर कातडीच्या सुमारे पाचपट कमी. त्या कमी का, याचा उलगडा 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात झाला. तळहात-तळपायाच्या खालच्या थरातल्या पेशी डीकेके-1 नावाचं प्रथिन भरपूर सोडतात. हे प्रथिन रंगपेशींची वाढ रोखतं, त्यांचं मेलॅनिन बनवणं मंदावतं, आणि वरच्या पेशींनाही मेलॅनिन कमी घ्यायला लावतं. तळव्याची कातडी जाड असण्यातही त्याचाच हात आहे. गोऱ्या माणसाच्या तळव्यावरही हेच घडतं, फक्त मुळात रंग कमी असल्याने फरक डोळ्यांत भरत नाही.

भाजल्यावर किंवा अपघातानंतर ज्यांच्या तळव्यावर कातडी बसवली आहे, त्यांना हे स्वतःच्या हातावर दिसतं. मांडीची कातडी खालच्या थरासकट तळव्यावर लावली, तर ती मांडीच्याच रंगाची, बहुतेक वेळा आणखी गडद राहते, कारण तिने आपला खालचा थर सोबत आणलेला असतो. उलट, फक्त वरचा पातळ पापुद्रा लावला की तो हळूहळू तळव्यासारखा जाड आणि फिका होतो. म्हणजे हुकूम खालून येतो. म्हणूनच तळव्यासाठी शक्यतो तळपायाच्या खोलगट भागाची कातडी घेतली जाते. तुमच्या तळव्यावर असा गडद तुकडा असेल, तर रंग जुळवताना आम्ही तो वगळतो. कृपया आधी सांगा.

आता आमच्या कामाचं. समजा, तर्जनीची दोन पेरं बनवायची आहेत. आम्ही दुसऱ्या हाताची तर्जनी दिवसाच्या उजेडात, खिडकीशी धरायला लावतो. ट्यूबलाइटखाली जुळवलेला तपकिरी रंग बाहेर गेल्यावर हिरवट दिसू शकतो. पाठीकडच्या सिलिकॉनमध्ये तपकिरी रंग जास्त जातो. तळव्याकडे तपकिरी अगदी थोडा, आणि लाल-पिवळसर जास्त, कारण तिथे रंगद्रव्य कमी असल्याने आतल्या रक्ताची लाली दिसते. सगळ्यात नाजूक जागा म्हणजे बोटाची बाजू. तिथे दोन रंग रेघ मारल्यासारखे भेटत नाहीत, काही मिलिमीटरांत एकमेकांत विरतात. ही जागा चुकली की सांधा दिसतो, मग बाकीचं काम कितीही चांगलं असो. पेरांच्या घड्या आणि तळव्याच्या रेषा मात्र सावळ्या हातावर आसपासच्या कातडीपेक्षा गडद असतात. त्या शेवटी हाताने भरतो.

एक गोष्ट जमत नाही, तीही सांगून ठेवतो. खऱ्या तळव्यावर दाबलं की तो पांढुरका होतो आणि सोडल्यावर पुन्हा लाली येते. थंडीत फिकटतो, उन्हातून आल्यावर तांबडा होतो. सिलिकॉन बदलत नाही. त्यामुळे पाठीकडून जुळणी दिवसभर चांगली दिसते, तळव्याकडून थोडी कमी-जास्त वाटते. मापाच्या दिवशी धावतपळत येऊ नका, अर्धा तास बसा, म्हणजे तुमच्या हाताचा नेहमीचा रंग आम्हाला मिळेल.

काही जण तळव्यावरचा तपकिरी ठिपकाही हुबेहूब मागतात. सावळ्या हातांवर असे ठिपके नेहमी दिसतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. पण ठिपका नवा असेल, वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या किंवा रंग एकसारखा नसेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. काळ्या वर्णात मेलॅनोमा हा कर्करोग झालाच तर तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. तो ठिपका तपासून झाल्याशिवाय आम्ही रंगवत नाही.