तंबाखू नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार आणि प्लेन पॅकेजिंग

तंबाखूवर आवर घालण्यासाठी देशांनी मिळून केलेला हा करार इंग्रजी आद्याक्षरांवरून एफसीटीसी म्हणून ओळखला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत असा बंधनकारक करार करायचा अधिकार सुरुवातीपासूनच होता, पण तो पहिल्यांदा वापरला गेला तो इथेच, २१ मे २००३ ला. चाळीस देशांनी मान्यता दिल्यावर तो २७ फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला आणि आज १८० पेक्षा जास्त देश त्यात आहेत. अमेरिकेने सही केली पण पुढे मान्यताच दिली नाही, आणि इंडोनेशियाने तर सहीसुद्धा केलेली नाही.

करारात बरंच काही आहे. टॅक्स वाढवून किंमत वर ठेवायची (कलम ६), कामाच्या आणि सार्वजनिक बंदिस्त जागांत धूर नको (कलम ८), पाकिटावर मोठा इशारा हवा (कलम ११), जाहिरात आणि स्पॉन्सरशिप बंद (कलम १३), मुलांना विक्री नाही (कलम १६), आणि धोरण ठरवताना तंबाखू कंपन्यांचा हात त्यात शिरू द्यायचा नाही (कलम ५.३). कलम ३० मुळे कुठलाही देश "हे मान्य, ते सोडून" असं म्हणून आत येऊ शकत नाही, यायचं तर पूर्ण करारासकट यायचं.

पण सही केली म्हणून देशातल्या एका तरी दुकानात काही बदललं असं होत नाही. करार सरकारला बांधतो, दुकानदाराला किंवा कारखान्याला नाही, त्यांना बांधायला देशाचा स्वतःचा कायदा लागतो. आणि करारातली भाषा मुद्दाम थोडी सैल ठेवलेली असते कारण इतक्या सगळ्या देशांना ती मान्य व्हायला हवी. हे नीट बघायचं असेल तर पाकिटाचंच उदाहरण घ्यावं, आणि देश ऑस्ट्रेलिया, कारण पूर्ण प्लेन पॅकेजिंग, म्हणजे लोगो, ब्रँडचे रंग आणि चित्रं काढून टाकलेलं सगळ्यांचं एकसारखं पाकीट, सगळ्यात आधी तिथेच झालं आणि त्यावर तीन वेगवेगळ्या ठिकाणी केसेस चालल्या.

कलम ११ म्हणतं की त्या देशासाठी करार लागू झाल्यापासून तीन वर्षांत पाकिटावर इशारा यायला हवा, तो मुख्य बाजूंचा ५० टक्के किंवा जास्त भाग व्यापणारा "असावा" आणि ३० टक्क्यांपेक्षा कमी तर नकोच, शिवाय "लाइट", "माइल्ड" असे फसवे शब्दही नकोत. प्लेन पॅकेजिंगचं नाव कलमात कुठेच नाही. ते आलं नोव्हेंबर २००८ मध्ये डर्बनच्या बैठकीत, जिथे सदस्य देशांनी कलम ११ आणि १३ च्या गाइडलाइन्स मंजूर केल्या आणि त्यात लिहिलं की देशांनी लोगो, रंग, ब्रँडची चित्रं काढून टाकायचा विचार करावा. विचार करावा, एवढंच. आता एवढ्याशा वाक्यावरून कोर्टात टिकणारा कायदा करायचा, खरी मेहनत इथे आहे.

ऑस्ट्रेलियात आधी प्रश्न येतो अधिकाराचा. तिथे संघराज्य आहे आणि केंद्राच्या संसदेला आरोग्यावर सरसकट कायदे करता येत नाहीत, पण परराष्ट्र व्यवहाराचा विषय केंद्राकडे आहे आणि केलेला आंतरराष्ट्रीय करार अमलात आणणं त्यातच मोडतं. म्हणून टोबॅको प्लेन पॅकेजिंग अ‍ॅक्ट २०११ च्या कलम ३ मध्येच लिहून टाकलंय की एक उद्देश लोकांचं आरोग्य सुधारणं आणि दुसरा या करारातली जबाबदारी पार पाडणं. वाचताना हे वाक्य औपचारिक वाटतं, पण संसदेचा अधिकार आणि करार यांना जोडणारा धागा तोच आहे. जे देश करार मान्य करून कायद्यात त्याचा उल्लेखच करत नाहीत ते हातातला एक चांगला आधार उगाच सोडून देतात असं मला वाटतं.

घोषणा एप्रिल २०१० मध्ये झाली, कायदा नोव्हेंबर २०११ मध्ये पास झाला. ऑक्टोबर २०१२ पासून कारखान्यातून नवीनच पाकिटं निघायची आणि १ डिसेंबर २०१२ पासून दुकानात फक्त तीच विकायची, म्हणजे मधले दोन महिने जुना माल संपवायला दिले होते. हे अंतर ठेवलं नाही तर दुकानदारावर विनाकारण गुन्हा येतो, आणि फारच लांब ठेवलं तर कंपन्या जुनी पाकिटं साठवून विकत बसतात.

आता तपशील बघा. "पाकीट अनाकर्षक असावं" असं कायद्यात लिहून चालत नाही, कारण अनाकर्षक म्हणजे काय यावर वकील वर्षभर भांडतील. म्हणून रंगाचा नंबरच ठरवला, पँटोन ४४८ सी, मातकट काळपट तपकिरी. हा रंग सिगारेट ओढणाऱ्यांनाच वेगवेगळे रंग दाखवून, कुठला सगळ्यात नकोसा वाटतो ते विचारून निवडला. सुरुवातीला सरकारी भाषेत त्याला ऑलिव्ह म्हणत होते, तर ऑलिव्ह उत्पादकांनी आक्षेप घेतला आणि मग तो फक्त तपकिरी राहिला. पृष्ठभाग मॅट, चकचकीत नाही. पाकीट चौकोनी पुठ्ठ्याचं, उठावदार नक्षी नाही. ब्रँडचं नाव लुसिडा सॅन्स फाँटमध्ये, जास्तीत जास्त १४ पॉइंट, व्हेरियंटचं म्हणजे ब्रँडमधल्या प्रकाराचं नाव १० पॉइंट, करड्या रंगात. सोबत इशाऱ्याची चित्रं पुढच्या बाजूला ७५ टक्के आणि मागे ९० टक्के. सिगारेटच्या कागदावरसुद्धा ब्रँडचं नाव नाही. एवढं बारीक लिहिल्यावर इन्स्पेक्टरला मत द्यावं लागत नाही, पट्टी आणि रंगाचं कार्ड लावलं की कळतं पाकीट कायद्यात बसतं की नाही.

कंपन्या कुठून हल्ला करणार हे लिहिणाऱ्यांना माहीत होतं, ट्रेडमार्क. ट्रेडमार्क रजिस्टर करून वापरलाच नाही तर तो रद्द होऊ शकतो, आणि इथे तर सरकारच वापरू देत नाहीये, मग कंपनी म्हणणार तुम्ही आमची मालमत्ता मारली. म्हणून त्याच कायद्यात तरतूद टाकली की या कायद्यामुळे मार्क वापरता आला नाही तर ते कारण धरून रजिस्ट्रेशन जाणार नाही. मार्क तुमचाच, दुसऱ्या कुणाला वापरता येणार नाही, फक्त तुम्ही तो सिगारेटच्या पाकिटावर छापायचा नाही.

पहिली केस ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टात, जे तिथलं सर्वोच्च कोर्ट आहे. राज्यघटनेनुसार केंद्राने मालमत्ता ताब्यात घेतली तर योग्य मोबदला द्यावा लागतो, कंपन्यांनी तोच मुद्दा धरला. ऑगस्ट २०१२ मध्ये सहा विरुद्ध एक असा निकाल सरकारच्या बाजूने लागला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की कंपनीचा हक्क आवळला गेला हे खरं, पण ताब्यात घेतलं म्हणायला सरकारच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या पदरात मालमत्तेसारखं काहीतरी पडायला हवं, तसं इथे काहीच पडलं नाही.

दुसरी केस फिलिप मॉरिस एशिया या सिगारेट कंपनीची, हाँगकाँग आणि ऑस्ट्रेलियात १९९३ ला झालेल्या गुंतवणूक करारावर. गंमत वाटावी अशी नाही तर चीड यावी अशी गोष्ट म्हणजे हाँगकाँगच्या या कंपनीने ऑस्ट्रेलियन धंद्याचे शेअर्स घेतले फेब्रुवारी २०११ मध्ये, सरकारने प्लेन पॅकेजिंग जाहीर केल्यानंतर दहाएक महिन्यांनी. लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये हे ओळखलं, भांडण समोर दिसत असताना फक्त केस करता यावी म्हणून रचना बदलणं हा हक्काचा गैरवापर आहे असं सांगून केस ऐकायलाच नकार दिला. म्हणजे पाकिटाचा कायदा चूक की बरोबर हा प्रश्न तिथे सुटलाच नाही. तसा प्रश्न उरुग्वेच्या केसमध्ये सुटला, त्या देशाने इशारा ८० टक्के केला होता आणि एका ब्रँडचा एकच प्रकार विकायला परवानगी दिली होती, २०१६ मध्ये लवादाने ते योग्य ठरवलं.

तिसरी लढाई जागतिक व्यापार संघटनेत. होंडुरास, डॉमिनिकन रिपब्लिक, क्युबा आणि इंडोनेशिया म्हणाले की हा व्यापाराला गरजेपेक्षा जास्त अडथळा आहे आणि ट्रेडमार्कवर विनाकारण बोजा आहे. २०१८ मध्ये पॅनेलने ऑस्ट्रेलियाची बाजू मान्य केली, अपील २०२० मध्ये फेटाळलं. मुद्दा असा होता की ट्रेडमार्कचा हक्क दुसऱ्याला रोखायचा असतो, स्वतः तो वापरायलाच मिळेल अशी हमी त्यात नसते. आणि इथे डर्बनची ती "विचार करावा" वाली गाइडलाइन कामाला आली, ती कुणाला बांधत नसली तरी सार्वजनिक आरोग्यासाठी हा उपाय देशांनी एकत्र बसून सुचवलेला आहे हे दाखवायला ती पुरली.

परिणाम किती झाला हे सांगताना जपून बोलावं लागतं. सरकारच्या २०१६ च्या आढाव्यात आधीच्या आणि नंतरच्या ३४ महिन्यांत धूम्रपान करणाऱ्यांचं प्रमाण १९.४ टक्क्यांवरून १७.२ टक्क्यांवर आलेलं दिसलं, त्यातला साधारण ०.५५ पॉइंटचा वाटा पाकिटाच्या बदलाचा धरला. पण मोठी चित्रं आणि प्लेन पाकीट एकदमच आल्यामुळे दोघांचा वेगळा हिशोब करता येत नाही, आणि त्याच काळात टॅक्सही वाढत होता. ज्या देशाला नंतर नीट मोजायचंय त्याने आधीचे आकडे गोळा करून ठेवावेत, कायदा लागू झाल्यावर ते मागे जाऊन मिळत नाहीत.

फटीही राहिल्याच. रंग गेल्यावर कंपन्यांनी रंगाची नावं व्हेरियंटच्या नावातच लिहायला सुरुवात केली, पाकिटात एखादी सिगारेट जास्तीची देऊन नावात ते मिरवलं, फिल्टरमध्ये फोडायच्या मेंथॉलच्या गोळ्या आणल्या. पाकिटाचा पुढचा भाग बंद केला तर नाव, आकार आणि चव जाहिरात करायला लागतात. म्हणून ऑस्ट्रेलियाने २०२३ मध्ये नवीन कायदा करून हे धागे एकत्र बांधले, एप्रिल २०२४ पासून तो लागू झाला आणि धंद्याला तयारीसाठी एक वर्ष मिळालं. पाकिटातल्या सिगारेटची संख्या ठरवली, नावातले काही शब्द बंद केले, मेंथॉल आणि त्या गोळ्या बंद, धूम्रपान सोडायला मदत करणारी चिठ्ठी पाकिटात, आणि सिगारेटच्या कांडीवरच इशारा छापायचा.

एक गोष्ट मात्र पाकिटाने सुटत नाही. टॅक्स खूप वाढला आणि बेकायदा माल रोखणारी यंत्रणा तेवढी वाढली नाही तर लोक कायदेशीर पाकीटच विकत घेत नाहीत, चोरट्या मार्गाने आलेलं घेतात, ज्यावर ना ठरलेला रंग ना इशारा. ऑस्ट्रेलियात हे मोठ्या प्रमाणावर झालंय, तंबाखूच्या दुकानांना आगी लावण्याचे प्रकारही घडलेत. करारात यासाठी कलम १५ आहे आणि त्यावरचा वेगळा प्रोटोकॉल २०१२ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोल शहरात मंजूर होऊन सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात पाकीट कारखान्यापासून दुकानापर्यंत ट्रॅक करायची आणि पुरवठा साखळीतल्या लोकांना लायसन्स द्यायची व्यवस्था आहे. पण तो वेगळा करार असल्यामुळे मूळ करारातल्या देशाला त्याचीही स्वतंत्र मान्यता द्यावी लागते आणि मग त्याच्यासाठी पुन्हा कस्टम्सचा आणि लायसन्सचा वेगळा कायदा बसवावा लागतो.